उशीर होतोय आणि बोलता येत नाही: लाईव्ह लोकेशन की आधीच लिहून ठेवलेला मेसेज?

ऐरोलीहून ठाण्याला संध्याकाळच्या ट्रान्स हार्बरने परतणाऱ्यांना हा प्रसंग सांगायला नको. दिघा गावच्या पुढे गाडी उभी, एक हात वरच्या कडीला, पाठीवरची बॅग पोटाशी आणि खिशात आईचा फोन वाजतोय. उचलला तरी गर्दीत धड ऐकू येणार नाही. नाही उचलला, तर ती पुन्हा लावणार. अशा वेळी घरी कळवायचे दोन मार्ग मी बरेच दिवस वापरले. एक म्हणजे व्हॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन, दुसरा म्हणजे फोन कापतानाच जाणारा तयार मेसेज.

लोकेशनचं मला आधी फार अप्रूप होतं. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास अशी मुदत निवडायची आणि सुटायचं. पण ते सुरू करायला फोनचं लॉक उघडून चारपाच ठिकाणी बोट लावावं लागतं. गर्दीत एका हाताने हे नीट जमत नाही, त्यामुळे ते ऑफिसमधून निघतानाच लावावं लागतं, म्हणजे उशीर होणार हे माहीत नसताना. खरी अडचण मात्र पुढे आहे. नेटवर्क गेलं किंवा डेटा अडकला की नकाशावरचा ठिपका शेवटच्या जागेवर थांबतो. किती वेळापूर्वीचं लोकेशन आहे ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण आई ते वाचत नाही, ती ठिपका बघते. त्यातून गाडीच सिग्नलला उभी असेल, तर नेटवर्क चांगलं असूनही ठिपका जागचा हलत नाही. दोन्ही वेळा तिला दिसतं एकच. एकदा तिने विचारलंच, “अरे, अर्धा तास तू रुळांवर काय करतोयस?” माझ्यासाठी लोकेशन तिथेच मागे पडलं. तो ठिपका मी कुठे आहे ते सांगतो, मी ठीक आहे की नाही ते सांगत नाही. आणि आईला हवं असतं नेमकं तेच.

तयार मेसेजसाठी अँड्रॉइडवर गुगलच्या फोन ॲपच्या सेटिंगमध्ये Quick responses असतं. दुसऱ्या कंपनीच्या फोनवर नाव थोडं वेगळं असू शकतं. आयफोनवर त्याला Respond with Text म्हणतात. तिथली इंग्रजी वाक्यं तशीच ठेवू नका. ‘नंतर फोन करतो’ अशा अर्थाच्या वाक्यात ‘नंतर’ म्हणजे कधी हे कळत नाही, आणि दहा मिनिटांनी फोन पुन्हा वाजतो. माझी वाक्यं अशी आहेत:

ठीक आहे. गाडीत. तासाभरात घरी. जेवून घे.

ठीक आहे. गाडी थांबली आहे. ठाण्याला उतरलो की फोन करतो.

‘ठीक आहे’ पहिल्यांदा येतं, कारण फोनच्या वरच्या पट्टीत तेवढंच आधी वाचलं जातं. वेळ मी मुद्दाम जास्तीची लिहिली आहे. ऐरोलीहून निघाल्यावर ठाण्यातली शेअर रिक्षा धरूनही मला सहसा तास लागत नाही. लवकर पोहोचलो तर कोणाचं बिघडत नाही, उशीर झाला की बिघडतं. देवनागरीत लिहिताना एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, काना-मात्रा आणि मोकळी जागा धरून. इंग्रजीत १६० मावतात. ही दोन्ही वाक्यं ७० च्या आत बसतात. वाक्य फार लांबलं, तर एकाचे दोन एसएमएस मोजले जातात.

याच्याही मर्यादा आहेत. मेसेज एसएमएस म्हणून जातो, त्यामुळे डेटा नसला तरी चालतो, पण रिचार्ज संपला असेल तर अडतो. आईच्या इनबॉक्समध्ये बँकेचे आणि जाहिरातींचे मेसेज इतके असतात, की आमचा त्यात हरवू शकतो. म्हणून तिला आधीच सांगून ठेवलं आहे: “फोन कापला गेला की घाबरू नकोस, लगेच मेसेज बघ.” हे सांगितलं नसेल, तर कापलेला फोन न उचललेल्या फोनपेक्षा जास्त धास्ती देतो.

बायकोचं मत थोडं वेगळं आहे आणि तिचंही बरोबर वाटतं. ती कधी रात्री घोडबंदर रोडने कॅबने येते, तेव्हा लोकेशनच बरं. रस्त्यावर ठिपका सहसा हलत राहतो, आणि गाडी भलत्याच रस्त्याला लागली तर तेवढं तरी दिसतं. व्हॉइस नोटचा विचार मी फार केला नाही, डब्यातला कल्लाच जास्त ऐकू जातो.

तेव्हा रात्री एकट्याने कॅब किंवा रिक्षाने येत असाल, तर लोकेशन लावा. रोजचा प्रवास लोकलचा असेल आणि घरी वाट बघणारं माणूस आईच्या वयाचं असेल, तर मी तरी तयार मेसेजच सुचवीन. आमच्याकडे तो गेल्यावर आई सहसा दुसरा फोन करत नाही. तास उलटून गेला, तर मात्र करते.