पोमोडोरो अ‍ॅप, काही महिन्यांच्या वापरानंतर: पाच तारे होते, आता दोन

ठरावीक मिनिटांची सत्रं, मध्ये छोट्या सुट्ट्या आणि चार सत्रांनंतर एक मोठी सुट्टी, अशी पोमोडोरो पद्धतीची वेळ हे अ‍ॅप लावून देतं. गेल्या अपडेटनंतर त्याने मोठ्या सुट्टीची लांबी बदलायची सोय फुकटवाल्यांकडून काढून घेतली. आता पंधरा मिनिटांच्या खाली जायचं असेल तर वर्षाची वर्गणी भरा. मेल केला, तर 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर आलं. मोलाचा आहे ते वर्गणीवरून कळलंच.

पंधराची दहा करण्यासाठी एवढा आरडाओरडा कशाला, असं वाटेल. सांगतो. बँकेतून सुटून मी साडेसातला अभ्यासिकेत पोचतो आणि दहाला तिथले काका दिवे घालवतात. म्हणजे दीडशे मिनिटं, एकही जास्त नाही. त्यात जेएआयआयबी या बँकवाल्यांच्या परीक्षेचा अभ्यास. पंचवीस मिनिटांचं सत्र आणि पाच मिनिटांची सुट्टी मिळून अर्धा तास होतो, म्हणून अडीच तासांत पाच सत्रं बसतील असं कुणालाही वाटतं. शेवटच्या सत्रानंतर सुट्टी लागत नाही, म्हणजे उलट पाच मिनिटं उरायला हवीत.

पण चार सत्रांनंतर मोठी सुट्टी येते. ती छोटीपेक्षा दहा मिनिटांनी लांब. उरलेली पाच ती खाते आणि वर पाच मागते. पाच सत्रांची १२५, तीन छोट्या सुट्ट्यांची १५ आणि मोठीची १५ मिळून झाली १५५ मिनिटं. काका दिवे घालवतात तेव्हा माझं पाचवं सत्र विसाव्या मिनिटावर असतं. आणि अर्धवट सत्र धरायचं नाही, हा या पद्धतीचा मूळ नियम.

गंमत म्हणजे वेळ वाढवूनही सुटका नाही. तीन तास असले तरी सहा सत्रांना १८५ मिनिटं लागतात. चार तासांत आठ सत्रं बसवायला जा, २४५. पाच ते आठ सत्रांपर्यंत प्रत्येक वेळी नेमकी पाचच मिनिटं कमी! दोन तासवाले सुखी, कारण चार सत्रं ११५ मिनिटांत उरकतात आणि मोठी सुट्टी घरी जाऊन घ्या. मोठी सुट्टी दहाची केली की मात्र पाच ते आठ सत्रांचा हिशेब अर्ध्या तासाच्या पटीत तंतोतंत बसतो. नेमकं तेच बटण यांनी कुलपात घातलं.

आता मूळ पद्धतीबद्दल. फ्रान्चेस्को चिरिल्लोने १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर हे सुरू केलं. मोठी सुट्टी पंधरा ते तीस मिनिटांची, असं त्याचं म्हणणं. म्हणून सुरुवातीला दहाची सुट्टी मला चोरटी वाटायची आणि मी छोट्या सुट्ट्याच तीन-तीन मिनिटांच्या करून पाहिल्या. त्याच्या मते तीनही चालतात आणि बेरीज १४९ येते. पण आमच्या अभ्यासिकेत पाण्याच्या कूलरपर्यंत जाऊन बाटली भरून परत येईपर्यंतच तीन मिनिटं संपतात. त्यातून हे अ‍ॅप सुट्टी संपली की पुढचं सत्र आपणहून सुरू करत नाही, आपण बोट लावेपर्यंत थांबून राहतं. चार सुट्ट्यांत एकेक मिनिट सांडलं तरी शेवट गेलाच.

म्हणून मत बदललं: छोट्या सुट्ट्या पाचच्याच ठेवाव्यात आणि काटछाट मोठीत करावी. शिवाय ती चार सत्रांनंतर घेण्याऐवजी तीननंतर घ्यावी. चारनंतर घेतली तर पुढे एकटं एक सत्र उरतं आणि त्यासाठी पुन्हा बसायचं जिवावर येतं. पुढे दोन सत्रं असली की माणूस बसतो.

याचा एक फायदा ध्यानीमनी नव्हता. साडेसात, आठ आणि साडेआठला पहिली तीन सत्रं सुरू होतात. ८:५५ ते ९:०५ मोठी सुट्टी, मग ९:०५ आणि ९:३५ ची दोन, की दहाला पाच पूर्ण. हे समोरच्या भिंतीवरच्या घड्याळातही दिसतं. सत्र संपण्याच्या वेळांचे पाच अलार्म फोनच्या साध्या घड्याळात कायमचे लावून ठेवलेत, फक्त थरथरणारे. (टोमॅटोवाला खरा टायमर घ्यावा म्हणून भांड्यांच्या दुकानात विचारलं होतं. त्याची टिकटिक अभ्यासिकेत पहिल्याच दिवशी मला बाहेर काढेल.)

लोकल चुकते त्या दिवशी मी पाच सत्रांचा नाद सोडतो. चार सत्रं, दोन छोट्या सुट्ट्या आणि मध्ये पूर्ण पंधराची मोठी, अशी १२५ मिनिटं होतात, म्हणजे ७:५५ पर्यंत पोचलो तरी चालतं. त्याहून उशीर झाला तर मोठी सुट्टी रद्द. ८:०५ पर्यंत चार बसतात.

दोन तारे अ‍ॅपच्या आलेखांसाठी, ते खरंच देखणे आहेत. वर्गणी भरणार नाही.