कोरडी तिखटपूड की पाण्यात कालवलेली? मसाला करपू नये म्हणून

फोंड्यात माझ्या शेजारी नव्याने संसार मांडलेली एक मुलगी राहते. परवा ती विचारत होती, "काकू, तिखट तेलात घातलं की लगेच काळं पडतं. तुम्ही कालवून घालता, आई कोरडंच घालते. मी काय करू?" मी दोन्ही पद्धती वर्षानुवर्षे वापरते, म्हणून तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी करपण्याचं कारण पाहू. फोडणीचं तेल सहज पावणेदोनशे अंशांपर्यंत तापतं. पूड इतकी बारीक आणि कोरडी असते की तेवढ्या तेलात ती काही सेकंदांत लालवरून तपकिरी आणि मग काळी होते. पाणी मात्र शंभर अंशांच्या वर जात नाही. कालवलेल्या मसाल्यातलं पाणी आटेपर्यंत मसाल्याला त्याहून फारसा जास्त ताप लागत नाही. कालवण्याचा सगळा फायदा एवढ्यातच आहे.

चौघांच्या कोंबडीच्या रश्शाचं उदाहरण घेऊ. दोन चहाचे चमचे तिखट, दोन चमचे धणेपूड आणि अर्धा चमचा हळद वाटीत घ्यायची. त्यात चार मोठे चमचे पाणी घालून दह्याइतकं सैल कालवायचं आणि कांदा परतून होईपर्यंत बाजूला ठेवायचं. कांदा लालसर झाला की मंद आचेवर हे त्यात ओतायचं. आधी चर्र आवाज होतो, मग मोठे बुडबुडे येतात. तीन-चार मिनिटांत बुडबुडे बारीक होतात आणि कडेने लाल तेल सुटू लागतं. त्याच वेळी कच्चा वास जातो. तेल सुटलं म्हणजे पाणी संपलं, आणि करपण्याची वेळ इथूनच सुरू होते. म्हणून लगेच कोंबडी किंवा गरम पाणी घालायचं.

कोरड्या पुडीची चव वेगळी लागते, हे मी मान्य करते. तेलात थेट पडलेल्या तिखटाचा खमंगपणा लवकर येतो आणि तर्री भराभर चढते, कारण मिरचीचा रंग तेलात विरघळतो. पण त्यासाठी गॅस बंद करायचा, तेलाचा धूर पूर्ण थांबू द्यायचा, पूड घालून दहा-पंधरा सेकंद ढवळायचं आणि लगेच ओलं काहीतरी, टोमॅटो म्हणा किंवा पाणी, त्यात टाकायचं. वरणावरच्या फोडणीला हीच पद्धत बरी, कारण कालवलेला मसाला कढल्यातल्या कडकडीत तेलात टाकला तर अंगावर उडतो. मातीच्या कुंडल्यात मात्र नुसता गॅस बंद करून भागत नाही, ते बराच वेळ तापलेलं राहतं. कुंडलं आचेवरून उतरवून ठेवावं लागतं.

म्हणून मी तिला सांगितलं, रोजच्या रश्शाला कालवूनच घाल. हात बसला की वरच्या फोडणीला कोरडं.

आता मसाला भांड्याला लागायला लागला तर काय, तेल वाढवायचं की पाणी? आपल्याकडे शागोतीचं खोबऱ्याचं वाटप हमखास तळाला धरतं. खोबऱ्यातली साखर आणि प्रथिनं तापलेल्या पातळ बुडाला चिकटतात. बहुतेकजणी अशा वेळी तेल ओततात. पण चिकटलेला थर तेलात सुटत नाही, उलट आणखी तळला जातो आणि वर तवंग वाढतो. त्यापेक्षा आच अगदी कमी करायची, कडेने दोन-तीन चमचे गरम पाणी सोडायचं, अर्धा मिनिट झाकण ठेवायचं आणि मग लाकडी उलथण्याने तळ खरवडायचा. थर मऊ होऊन आपोआप मसाल्यात मिसळतो. असं दोन-तीनदा केलं तरी चालतं. कुंडलं असेल तर गार पाणी कधीच नको, ते तडकेल.

मात्र खरवडण्याआधी तळ बघायचा. तपकिरी असेल आणि भाजल्या खोबऱ्याचा वास येत असेल तर ती चवच आहे, सगळी खरवडून घ्यावी. काळा असेल आणि जळका, नाकाला झोंबणारा वास येत असेल तर उलथणं तळाला लावायचं नाही. मागच्या चवथीला पाहुण्यांच्या घाईत मी खतखत्याचं वाटप जोरात खरवडलं. काळे कण सगळीकडे पसरले आणि कडूपणा शेवटपर्यंत गेला नाही. तेव्हा वरचा मसाला चमच्याने अलगद काढून दुसऱ्या भांड्यात घ्यायला हवा होता.

असा काढलेला मसाला वापरायचा की नाही, हे चमचाभर घेऊन गरम पाण्यात ढवळून चाखलं की कळतं. जिभेच्या मागे कडू राहिलं तर गूळ, बटाटा, नारळाचं दूध काहीही घालून ते जात नाही. पुढे त्यात कोंबडी घालून ती वाया घालवण्यापेक्षा दोन कांदे नव्याने चिरलेले बरे.