इंटरव्ह्यूचा टाइम कळवायचाय: ऑफिशियल भाषा की साधा मेसेज?

समजा मंगळवारी रात्री रिक्रूटरने कॅन्डिडेटसाठी घाईघाईत टाइप केलंय: "हाय डिअर, परवा ११ ला टेक्निकल राउंड ठेवू का, नाहीतर दुपारी ४, पटकन सांगा ना, लिंक टाकते." हे जसंच्या तसं पाठवायचं नाही हे नक्की, पण बदलून काय करायचं याचे दोन रस्ते दिसतात.

पहिला, एकदम ऑफिशियल: "आपणांस कळविण्यात येते की आपली तांत्रिक मुलाखत गुरुवार, १२ जून रोजी सकाळी ११ वाजता निश्चित करण्यात आली आहे. कृपया वेळेवर उपस्थित राहावे." वाचायला भारदस्त वाटतं पण दुपारी ४ चा पर्याय गायब झाला की! मूळ मेसेजमध्ये प्रश्न होता, इथे हुकूम झाला, आणि ज्याला ११ वाजता चालू ऑफिसातली मीटिंग सोडता येत नाही तो बिचारा एकतर गप्प बसतो किंवा ऐनवेळी गायब होतो, मग आपण म्हणतो कॅन्डिडेट सीरियस नव्हता.

दुसरा, साधा पण पक्का: "नमस्कार, टेक्निकल राउंडसाठी गुरुवार १२ जूनला सकाळी ११ किंवा दुपारी ४ (दोन्ही भारतीय वेळ) यापैकी काय सोयीचं आहे? साधारण ४५ मिनिटं लागतील, व्हिडिओ कॉल असेल. बुधवारी दुपारी २ पर्यंत कळवलंत तर लगेच लिंक पाठवते. दोन्ही वेळा जमत नसतील तर तुमची वेळ सांगा."

मी दुसराच पाठवेन. "डिअर" गेलं, "पटकन" च्या जागी ठरलेली वेळ आली, आणि "परवा" चं वार-तारीख झालं, कारण मेसेज रात्री १२ नंतर उघडला तर परवा म्हणजे नेमका कोणता दिवस? कॅन्डिडेट दुबईत असेल तर त्याच्याकडे ११ ला साडेनऊच वाजलेले असतात, म्हणून ते भारतीय वेळ लिहिणं. फक्त ४५ मिनिटं वगैरे पॅनेलला विचारूनच लिहा, मेसेज नीट दिसावा म्हणून मनाने आकडे घालू नका. "तुमचं सिलेक्शन जवळपास झालंय" टाइप गोडवा तर अजिबात नको.

ऑफिशियल भाषेचीही जागा आहे, पण वेळ ठरल्यावर, मेलमध्ये, आणि तिथेही "कळविण्यात येते" काढूनच. व्हॉट्सॲपवर विचारायचं, होकार आला की मेल आणि कॅलेंडर इन्व्हाइट. इन्व्हाइटमध्ये टाइमझोन बरोबर निवडलेला असेल तर समोरच्याला त्याच्या घड्याळाप्रमाणेच वेळ दिसते, तेवढी कटकट वाचते. मात्र इन्व्हाइट त्याच्या पर्सनल मेल आयडीवरच, चालू कंपनीच्या आयडीवर गेला तर तिथल्या कॅलेंडरमध्ये मॅनेजरलाही दिसू शकतो, मग तुमचं प्रोफेशनल कम्युनिकेशन त्याला चांगलंच महागात पडेल.