हँडओव्हर नोट कोणी लिहावी: जाणाऱ्या लीडने की येणाऱ्याने?

प्रोजेक्ट अर्ध्यावर असताना टीम लीडची दुसऱ्या विभागात बदली झाली की, "जायच्या आधी एक हँडओव्हर डॉक्युमेंट करून दे" असं सांगितलं जातं. ते जाणाऱ्यानेच लिहायचं हे गृहीत असतं. पण दुसरा मार्गही आहे: येणाऱ्या लीडने विचारत, काम करून बघत लिहायचं आणि जाणाऱ्याने तपासून द्यायचं. दोन्हींतून हाती येणारी नोट बरीच वेगळी असते.

उदाहरणासाठी एक टीम घेऊ. बिलिंगचा डेटाबेस MySQL 5.7 वरून 8.0 वर न्यायचा आहे. टेस्ट सर्व्हर हलवून झाला, प्रॉडक्शन बाकी आहे, आणि लीड पुढच्या महिन्यात दुसऱ्या विभागात चालला आहे.

जाणाऱ्याने लिहिलेल्या नोटेत 'असं का केलं' हे चांगलं उतरतं. समजा, नव्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ही ओळ आहे:

```
default_authentication_plugin=mysql_native_password
```

8.0 मध्ये लॉगिनची नवी पद्धत आपोआप लागू होते, मग ही जुनी का ठेवली? कारण रिपोर्ट काढणारं एक जुनं ॲप्लिकेशन नव्या पद्धतीने जोडलंच जात नाही. हे लिहून ठेवलं नाही, तर नवा लीड ती ओळ जुनाट समजून काढून टाकेल. त्या दिवशी काहीच बिघडणार नाही, कारण आधीच्या युजरची पद्धत तशीच राहते. काही आठवड्यांनी त्या रिपोर्टसाठी कुणी नवा युजर तयार करेल, तो जोडला जाणार नाही, आणि तोवर काढलेली ओळ कुणाच्या लक्षातही नसेल. टेस्टिंग करून अशी कारणं सापडत नाहीत. ती जाणाऱ्याच्या डोक्यातूनच यावी लागतात. व्हेंडरला फोनवर दिलेला शब्द आणि अकाउंट्स विभागाशी तोंडी ठरलेली तारीख यांचंही तसंच.

पण रोज हाताखालून जाणारी गोष्ट जाणाऱ्याला दिसेनाशी होते. रात्रीचा बॅकअप त्याच्याच लॉगिनखाली क्रॉन जॉब म्हणून चालतो, हे तो लिहीत नाही. लपवायचं असतं असं नाही, वर्षभर विनातक्रार चालल्यामुळे सुचतच नाही. नवा लीड स्वतःच्या लॉगिनने `crontab -l` चालवतो. त्याला फक्त स्वतःचे जॉब दिसतात, म्हणजे काहीच नाही. पुढे बदलीची नोंद होते, जुन्या लीडचं नाव टीमच्या ग्रुपमधून निघतं, बॅकअपच्या फोल्डरवर लिहायची परवानगी जाते आणि जॉब अडतो. जॉब अडल्याचा मेल सहसा ज्याचा क्रॉन त्यालाच जातो, म्हणजे आता दुसऱ्या विभागात बसलेल्या माणसाला.

येणारा लिहितो तेव्हा नेमकं हेच सापडतं. टेस्ट सर्व्हरवर मायग्रेशनची रंगीत तालीम तो स्वतःच्या लॉगिनने करतो, जुना लीड शेजारी बसतो पण कीबोर्डला हात लावत नाही. "आधी ताजा बॅकअप घे" या पायरीशी तो अडखळतो: बॅकअप कुठून येतो? जिथे जिथे अडखळला, ती प्रत्येक जागा नोटेत जाते. अशी नोट आटोपशीर असते आणि तिच्यातली प्रत्येक पायरी करून पाहिलेली असते. उणीव एवढीच की ज्याची शंकाच आली नाही ते तो विचारत नाही. ती वरची सेटिंगची ओळ तालमीत बिनबोभाट निसटून जाईल.

वेळेचा हिशेब सरळ आहे. पहिल्या मार्गाला जाणाऱ्याचे दोनेक दिवस पुरतात. दुसऱ्याला दोन आठवडे हवेत, दोघांचेही, आणि मुख्य म्हणजे येणारा कोण हे आधी ठरलेलं हवं. बऱ्याच ठिकाणी गाडं इथेच अडतं.

माझं मत स्पष्ट आहे. नवा लीड ठरला असेल तर नोट त्यानेच लिहावी, आणि जाणाऱ्याने तिला फक्त दोन पानं जोडावीत: घेतलेले निर्णय कारणांसकट, आणि बाहेरच्यांना दिलेले शब्द. नवा लीड ठरला नसेल, तर जाणाऱ्याने याच दोन गोष्टी आधी लिहाव्यात, कारण बाकीचं कोड आणि तिकिटांतून उशिरा का होईना सापडतं. याच्या जोडीला आणखी एक काम करावं: बदलीच्या तारखेआधी चार दिवस जाणाऱ्याचा ॲक्सेस काढून बघावा. काय बंद पडतं ते तो इमारतीत आणि त्याच टीममध्ये असतानाच कळतं.

राहिला "मी काय, वरच्या मजल्यावरच आहे" हा दिलासा. तो मनापासूनचा असतो, पण त्याच्या वेळेवर आता नव्या मॅनेजरचा हक्क असतो. म्हणून पहिला महिना आठवड्यातून एक तास, ठरलेल्या दिवशी, असं दोन्ही मॅनेजरांकडून ईमेलवर मंजूर करून घ्यावं आणि प्रॉडक्शनच्या मायग्रेशनची रात्र त्यात वेगळी नमूद करावी.