टोमॅटोचं बूड काळं पडलं आणि मी १६,८०० रुपयांचं 'कॅल्शियम' विकत घेतलं

माझं रान वाळवा तालुक्यात, आष्ट्याच्या बाजूला. काळीभोर, कंबरभर खोल जमीन. नांगरट केली की पांढरे चुनखडीचे खडे वर येतात, पावसानंतर तर लांबून चमकतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझी सगळी फजिती याच खड्यांवरून झाली.

मागच्या उन्हाळ्यात खोडवा मोडून ३० गुंठ्यांत टोमॅटो केला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लागण, ५ फुटी बेड, मल्चिंग पेपर, दीड फुटाला २ लिटरचा ड्रिपर, लांबट फळाचं वाण. रोपं ४,३०० च्या आसपास बसली. मार्चच्या मध्यापर्यंत प्लॉट असा होता की रस्त्यानं जाणारा गाडी थांबवून बघायचा. मग पहिल्या घोसाची फळं लिंबाएवढी झाली आणि बुडाला डाग दिसायला लागला. सुरुवातीला ओलसर, उकडल्यासारखा. चार दिवसांत तपकिरी, मग काळा, दाबून बघितलं तर चामड्यासारखा कोरडा आणि आत खचलेला. पानावर एक ठिपका नाही, फळ मातीला टेकलेलं नाही, वास नाही, अळी नाही. तरी चारातलं एक फळ गेलेलं.

त्याच आठवड्यात तो आला. मोटारसायकल, पाठीला बॅग, शर्टावर कंपनीचं चिन्ह. त्यानं फळ उभं कापलं, हातावर धरलं आणि म्हणाला, "आण्णा, हा रोग नाही. बुरशीनाशकावर पैसे घालवू नका. ही कॅल्शियमची कमतरता आहे."

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. मी फसलो तो इथंच. आदल्या दिवशी दुकानदारानं मला बुरशीनाशक दिलं होतं आणि हा माणूस ते घेऊ नका म्हणत होता. जो खर्च वाचवतो तो आपला, असं वाटलं.

मग त्यानं मृद आरोग्य पत्रिका मागितली. मी घरातून आणून दिली. बोट फिरवत तो म्हणाला, "नत्र आहे, स्फुरद आहे, पालाश आहे, गंधक, जस्त, लोह, बोरॉन सगळं आहे. कॅल्शियम दाखवा बरं." मी बघितलं. खरंच नव्हतं. त्या पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात आणि कॅल्शियम त्या बारांत धरलेलंच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. रकानाच नाही, आणि मी समजलो जमिनीत कॅल्शियम नाही.

शेवटी मीटर. पेनासारखं, खाली दोन टोकं, वर आकडा. एका ग्लासात जारचं पाणी, त्यात मूठभर माती ढवळून निवळू दिली. आकडा आला २१०. दुसऱ्या ग्लासात त्याच पाण्यात त्याच्या बाटलीतलं झाकणभर औषध. आकडा १,४०० वर. "तुमच्या रानात एवढं, आमच्यात एवढं. पिकाला हजाराच्या वर लागतं." पुढं मी काही विचारलंच नाही. १,४५० ला लिटर, ४ बाटल्या घेतल्या, ५,८०० रुपये. पावती म्हणून वहीतला कागद, त्यावर फक्त रक्कम. बाटलीवर इंग्रजीत मोठं नाव आणि 'नॅनो', पण घटक किती टक्के, बॅच कुठली, परवाना कुठला, काही नाही.

दोन फवारण्या केल्या. आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण फसवणूक टिकते ती यामुळं. फवारणीनंतर डाग कमी झाले! एप्रिलच्या सुरुवातीला आभाळ आलं, एक वळवाचा पाऊस झाला, हवा चार दिवस गार राहिली आणि पुढच्या घोसाची फळं स्वच्छ निघाली. मी चावडीवर दहा जणांना त्या बाटलीचं नाव सांगितलं. शेजारच्या तात्यांचा प्लॉट त्याच जातीचा, त्यांनी काहीच फवारलं नव्हतं, आणि त्यांचीही फळं त्याच आठवड्यात सुधारली होती. तिकडं माझं लक्ष गेलं नाही. गेलं असतं तरी मी काहीतरी कारण शोधलंच असतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तो परत आला. आणखी ४ बाटल्या, आणि जोडीला 'फळ फुगवण' म्हणून ५ किलोच्या दोन बादल्या, २,६०० ला एक, ड्रिपमधून सोडायच्या. या खेपेला ११,००० गेले. बादलीत पांढरी पावडर, पाण्यात सोडली की विहिरीच्या पाण्याचा त्याच्या मीटरवरचा आकडा ९०० वरून सरळ दुप्पट. तो म्हणे, "बघा, ताकद." महिनाअखेर ऊन कडक झालं आणि वरच्या घोसांत निम्मी फळं काळी. तोड्याला वीस कॅरेट भरली तर सात-आठ कॅरेट माल बांधावर ओतायला लागला. त्याचा फोन लागेना.

माझा भाचा राहुरीला शेतीचं शिकलाय. सुट्टीला आला तेव्हा त्याला प्लॉट दाखवला. त्यानं आधी ढेकूळ उचललं आणि घरातलं बाथरूम धुवायचं अॅसिड पाणी घालून थोडं पातळ करून त्यावर चार थेंब टाकले. ढेकूळ सोड्यासारखं फसफसलं. "मामा, हा चुना आहे. चुना म्हणजे कॅल्शियमच. तुम्ही कॅल्शियमवर उभे राहून कॅल्शियम विकत घेतलंय." मग तो स्वयंपाकघरात गेला, चिमूटभर मीठ आणलं, जारच्या पाण्यात टाकलं आणि स्वतःच्या बॅगेतलं तसंच मीटर बुडवलं. आकडा हजाराच्या वर. ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतं. मीठ टाका, कुठलाही क्षार टाका, युरिया सोडून कुठलंही खत टाका, आकडा वाढणारच. कॅल्शियम त्याला ओळखूच येत नाही.

मग मी विचारलं, जमिनीत एवढं आहे तर फळात का नाही?

त्यानं समजावलं ते असं. कॅल्शियम झाडात स्वतःहून हलत नाही. मुळांनी ओढलेल्या पाण्याबरोबर ते वर चढतं, आणि पाणी जिथून हवेत उडतं तिकडंच जातं. पानाला छिद्रं असतात, दिवसभर त्यातून वाफ निघते, म्हणून पाणी पानाकडं धावतं आणि कॅल्शियमही तिकडंच. टोमॅटोच्या सालीला छिद्रं नाहीत, वर मेणाचा थर. फळातून पाणी फारसं उडतच नाही. फळ फुगतं ते मुख्यतः पानाकडून येणाऱ्या साखरेच्या रसावर, आणि त्या रसात कॅल्शियम नावालाच असतं. म्हणून सुकवून तपासलं तर टोमॅटोच्या पानात दोन-तीन टक्के कॅल्शियम मिळतं आणि फळात त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंही जेमतेम.

पेशीच्या भिंती सांधायला कॅल्शियम लागतं. फळ धरल्यावर पहिले दोन-तीन आठवडे ते झपाट्यानं फुगतं, तेव्हा गरज सगळ्यात जास्त. त्याच दिवसांत मुळांना पाण्याची ओढ बसली तर जे थोडं कॅल्शियम येतं ते पानंच पळवतात. देठापासून सगळ्यात लांब बूड, म्हणून तिथल्या पेशी आधी फुटतात, रस गळतो आणि तो उकडल्यासारखा डाग दिसतो. म्हणजे आज दिसणारा डाग आठ-पंधरा दिवसांपूर्वीच्या चुकीचा असतो. आणि पानावर पडलेलं कॅल्शियम पानातच अडकतं, तिथून उतरून फळात जात नाही. मी फवारलेल्या सगळ्या बाटल्या पानांनीच खाल्ल्या, जर त्यांत कॅल्शियम असेल तर.

"मग कोवळ्या फळावरच फवारलं तर?" मी विचारलं. तो म्हणाला, थेट बारक्या फळावर, वरचेवर पडलं तर थोडा उपयोग होतो, पण एवढ्या पालवीत ते फळापर्यंत पोचवणार कोण. कोकणासारख्या आम्लधर्मी, चुना धुऊन गेलेल्या जमिनीत कॅल्शियम घालायला अर्थ आहे. आपल्याकडं अडचण पाण्याची.

आणि पाणी मी कसं देत होतो? उसाच्या सवयीनं. चौथ्या दिवशी एकदम सहा तास. पहिल्या दिवशी मल्चिंगखाली चिखल, मुळांना हवा नाही; चौथ्या दिवशी पेपर उचलला तर मातीला भेगा. कॅल्शियम आत घेतात ती मुळांची कोवळी टोकं, आणि ती दोन्ही वेळा मार खातात. वरून पेपर काळा, झाड हिरवं, म्हणून मला पत्ता नाही. त्यात त्या बादल्या. बहुतेक पालाशच होतं म्हणे ते. पालाश जास्त झालं की कॅल्शियमशी मुळापाशी स्पर्धा करतं, आणि पाणी खारट झालं की मुळांना ते ओढायलाच जड जातं. आमच्या भागात क्षारपड काय असते ते कुणाला सांगायला नको. मी रोग वाढवायचं औषध ड्रिपमधून पाजत होतो.

उपाय फुकट होता. बादल्या बंद. पाणी तेवढंच, फक्त वाटून: चार दिवसांचे सहा तास म्हणजे रोज दीड तास, सकाळी पाऊण आणि संध्याकाळी पाऊण. संध्याकाळचं महत्त्वाचं, कारण रात्री पानांची ओढ थांबते, मुळांच्या दाबानं पाणी चढतं आणि तेव्हा फळालाही वाटा मिळतो. ज्या आठवड्यात लाईट रात्रीची, त्या आठवड्यात पहाटे एकदाच दीड तास. रोज एका ठिकाणी पेपर उचलून वीतभर खोलची माती मुठीत दाबायची. गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये. काळी झालेली फळं बरी होत नाहीत, ती तोडून टाकली. पुढचे बारा-तेरा दिवस डाग येतच राहिले, माझा धीर सुटत चालला होता. त्यानंतर धरलेल्या फळांत शंभराला तीन-चारच काळी निघाली, आणि तेव्हा ऊन तसंच होतं, वळीव नव्हता.

तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार द्यायला गेलो. खत नियंत्रण आदेश १९८५ चा आहे, त्यानुसार विक्रेत्याकडं परवाना आणि खताच्या पिशवी-बाटलीवर घटकांचं प्रमाण लागतं, पक्की पावती द्यावी लागते. माझ्याकडं वहीतला कागद. उघडलेल्या बाटलीचा नमुना चालणार नाही असं सांगितलं. नशिबानं शेवटची एक बाटली सीलबंद उरली होती, ती आणि फोन नंबर देऊन अर्ज केलाय. पैसे परत येतील असं मी धरलेलं नाही.

जूनमध्ये मेहुण्यांचा पलूसहून फोन आला. त्यांच्या ढोबळी मिरचीच्या फळांना टोकाकडं तसेच डाग, आणि बांधावर एक माणूस मीटर घेऊन उभा. मी म्हटलं, "दाजी, त्याला चहा पाजा, आणि चहा होईपर्यंत घरातनं मिठाचा डबा मागवा."