एक्सेलमधला देवनागरी आकड्यांचा फॉरमॅट: सोयाबीनचा अख्खा हंगाम वापरून

परवा सीएसव्ही फाईल उघडली तर वजनाच्या रकान्यात नुसती प्रश्नचिन्हं! म्हणून हे लिहायला घेतलं.

यवतमाळकडच्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा खरेदी अहवाल मराठीत असतो आणि सभासदांना आकडे देवनागरीत लागतात. पूर्वी काट्यावरचा पोरगा कधी ८.७५ टाकायचा, तर कधी उजवीकडच्या आकडेपट्टीवरून 12.40. एका पानावर 12.40, ८.७५ आणि 15.20 क्विंटल होते, बेरीज आली 27.60. खरी 36.35. एक्सेलने ८.७५ ला मजकूर समजून गुपचूप वगळलं होतं. ओळखायची खूण सोपी आहे: वेगळं अलाइनमेंट दिलेलं नसेल तर संख्या उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. शंका राहिली तर `=ISNUMBER(C3)` लावा.

आता सगळे आकडे इंग्रजीतच भरतो आणि फॉरमॅट सेल्सच्या कस्टममध्ये हे टाकतो:

```
[$-4000439]0.00" क्विं."
[$-4000439]dd/mm/yyyy
```

पडद्यावर ८.७५ क्विं. दिसतं, आत 8.75 च राहतं. एकक फॉरमॅटमध्येच असल्यामुळे कोणी 'क्विंटल', कोणी 'क्वि.' लिहायची भानगड मिटली. सुरुवातीला फॉर्म्युला बारमध्ये इंग्रजी आकडे दिसायचे, त्याचा मला राग यायचा. आता तीच सगळ्यात कामाची गोष्ट वाटते, कारण खरी किंमत काय आहे ते तिथे कळतं.

तारखेचं मात्र आधी विंडोजमध्ये पाहावं लागतं. रीजन अमेरिकेचा असेल तर 05/11/2024 ही ११ मे होते आणि 25/11/2024 मजकूर होऊन डावीकडे जाते. महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या नोंदी उजवीकडे आणि पुढच्या डावीकडे दिसल्या, की समजायचं रीजन चुकलाय. तो इंग्लिश (इंडिया) केला की `#,##0` मधले स्वल्पविरामही लाख-कोटीप्रमाणे पडतात.

आणि आता ती सीएसव्ही. एक्सेल सीएसव्हीत आतली किंमत लिहीत नाही, पडद्यावर दिसतं ते लिहितो. साध्या सीएसव्हीत देवनागरी मावत नाही, म्हणून प्रश्नचिन्हं. यूटीएफ-८ निवडलं तर '८.७५ क्विं.' जसंच्या तसं जातं, आणि समोरची प्रणाली ती ओळ नाकारते. एवढ्या मोठ्या कंपनीने निदान एक इशारा द्यायला काय हरकत होती? बिनइशाऱ्याची ही खोड मला अजिबात पटलेली नाही, अर्धी रात्र त्यात गेली.

तोडगा फुकटचा आहे. अहवालाच्या पानाची प्रत काढायची, प्रतीत वजनाला `0.00` आणि तारखेला `yyyy-mm-dd` द्यायचं, शीर्षकात 'वजन (क्विंटल)' लिहायचं, मग त्या प्रतीचीच यूटीएफ-८ सीएसव्ही करायची. छापायला मूळ पान, पाठवायला प्रत. याच्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घेऊ नका.