दात काढल्यानंतरचा ठणका: भरून येणारी जखम की ड्राय सॉकेट?

दोन्हींत दुखतंच, त्यामुळे दुखणं किती आहे यापेक्षा ते कोणत्या दिशेला चाललंय ते बघा. जखम नीट भरत असेल तर पहिले दोन-तीन दिवस सूज आणि ठणका जास्त असतो, मग रोज थोडा उतरतो. ड्राय सॉकेटमध्ये, म्हणजे दाताच्या खड्ड्यात साकळलेली रक्ताची गाठ निघून जाते तेव्हा, उलटं होतं. दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळ सुरू होते, ती कानापर्यंत जाते, नेहमीच्या गोळीला दाद देत नाही.

आरशात बघितलं तर नीट भरणाऱ्या खड्ड्यात रक्ताची गडद लाल गाठ दिसते, पुढे तिच्यावर पांढरट थर येतो. हा थर पू समजून खरवडू नका, तो भरण्याचाच भाग आहे. ड्राय सॉकेटमध्ये गाठ निघून गेलेली असते. खड्डा रिकामा, कधी तळाशी फिकट हाड उघडं, तोंडाला दुर्गंधी. खालच्या अक्कलदाढेनंतर आणि सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त दिसतं.

यात जंतुसंसर्ग नसतो, म्हणून अँटिबायोटिकने सहसा फरक पडत नाही. डेंटिस्ट खड्डा धुऊन औषधी पट्टी भरतात, त्याने ठणका बराच उतरतो. ताप, वाढती सूज किंवा तोंड उघडेनासं झालं तर मात्र संसर्गाची शंका घेऊन लगेच दाखवा.